कोळंबी आणि शिंपले घेताना तुम्ही नेमकं काय बघता? (अनुभव धागा)

मीनल

बर्फावर मांडलेली कोळंबी दिसायला सगळी सारखीच चकचकीत असते. घरी आणल्यावर मात्र एखादी भांड्यात टाकताच पाणीच पाणी करते आणि चावताना चोथा लागतो. ती एकदाच गोठवून वितळवलेली आहे, दोन-तीनदा तसं झालंय, की मुळातच शिळी आहे, हे पैसे देण्याआधी कळायला हवं. "ओळखीच्या माणसाकडून घ्या" हा सल्ला कृपया नको, तो पाठ आहे. हातात घेऊन तुम्ही काय तपासता ते लिहा. शिंपले-खेकड्यांचे अनुभवही चालतील.

रघू

सोपं आहे. डोक्याच्या सांध्यावर आणि कवचाच्या कडांना काळं पडलंय का बघायचं. काळं असेल तर पुढे चालू पडायचं, नसेल तर बिनधास्त घ्यायची. मी दुसरं काही बघत नाही.

शीतगृहकर

रघू, अर्धंच बरोबर आहे. माझी बरीच वर्षं कोळंबी प्रक्रियेच्या शेडमध्ये गेली. ते काळं म्हणजे सडणं नव्हे. कोळंबीच्या अंगातल्याच एन्झाइममुळे, हवा लागली की कवचाखाली रंग धरतो, कापलेलं सफरचंद काळवंडतं तसं. पकडल्यावर बर्फ मिळायला उशीर झाला तर खायला ठीक असलेल्या कोळंबीवरही काही तासांत डाग येतात. उलट, डाग येऊ नयेत म्हणून सल्फाइटच्या पाण्यात बुडवलेला माल जुना झाला तरी स्वच्छ दिसतो. (दमा असलेल्यांपैकी काहींना या सल्फाइटचा त्रास होतो, ते वेगळंच.) त्यामुळे डाग नाही म्हणून ताजी, हा हिशोब चुकतो.

मी मान बघतो. डोकं आणि धड जोडणारा पडदा ताणलेला हवा. कोळंबी शेपटीला धरून उचलली की डोकं लोंबायला नको. कवच मांसाला चिकटून असावं, बोटाने ढकललं की मोज्यासारखं सरकू नये. आणि मांस किंचित पारदर्शक दिसलं पाहिजे. कच्चीच असून खडूसारखी पांढरी दिसली तर ती बहुधा गोठून वितळलेली असते.

अनघा

वासाबद्दल कोणीच लिहिलं नाही? थंडगार मालाला वास कमीच येतो, आणि लोक नेमके बर्फावर वाकून हुंगतात. मी एक कोळंबी मुठीत धरून ठेवते, तोवर बाकीचं बोलून घेते. ऊब लागली की खरं काय ते कळतं. समुद्राचा हलका वास किंवा काहीच नाही, तर ठीक. नाकात झणका गेला की परत ठेवते. विक्रेते वैतागतात, वैतागू देत.

विनायक

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. कोळंबी खाल्ली की माझ्या ओठांना खाज सुटते, मागच्या वेळी घसाही जड झाला. घरचे इतर मजेत होते. म्हणजे माझ्याच ताटात शिळी आली असणार ना? कुठली बघून घ्यावी?

मीनल

विनायकदादा, एकाच भांड्यातलं सगळ्यांनी खाल्लं आणि त्रास फक्त तुम्हालाच झाला, तर मालाला दोष देऊ नका. ही अ‍ॅलर्जी वाटते. ती ताज्या कोळंबीनेही होते आणि नीट शिजवूनही जात नाही. घसा जड होणं गंभीर आहे. डॉक्टरांना दाखवेपर्यंत कोळंबी-खेकडे पूर्ण बंद ठेवा.

सुलभा

मी घरी एक प्रयोग केला. दोन ढिगांतून अर्धा-अर्धा किलो कोळंबी आणली, दोन्हीकडे "ताजी आहे" असंच सांगितलं होतं. धुऊन, निथळून, दोन चाळण्यांत घालून, खाली वाटी ठेवून तासभर फ्रीजमध्ये ठेवली. पहिलीखाली जेमतेम चमचाभर पाणी जमलं. दुसरीखाली गढूळ, गुलाबीसर पाणी, पाव वाटीहून जास्त, आणि चाळण हलवली की अजून ठिबकत होतं. शिजवल्यावर दुसरी एवढीशी झाली आणि चावताना कापूस.

पण गंमत म्हणजे पहिलीही निर्दोष नव्हती. शेपटीकडे छान करकरीत, डोक्याजवळचा तुकडा मात्र मऊ, जवळजवळ पिठूळ. हे काय असतं?

शीतगृहकर

सुलभाताई, ही दोन वेगळी दुखणी आहेत. कोळंबीची पचनग्रंथी डोक्यातच असते. मेल्यावर वेळेत बर्फ मिळाला नाही तर तिच्यातला रस शेजारचं मांस पचवायला लागतो, म्हणून मऊपणा डोक्याकडून सुरू होतो. पहिल्या ढिगाला बर्फ उशिरा मिळाला असावा. अशा वेळी डोक्याच्या बुडाशी तपकिरी-नारिंगी ओघळ दिसतो, तो बघून ठेवा.

दुसरा ढीग वितळवून पुन्हा गोठवलेला वाटतो. कारखान्यात झपाट्याने गोठवतात, बर्फाचे कण बारीक राहतात. अर्धवट वितळलेला माल साध्या फ्रीजरमध्ये परत टाकला की तो सावकाश गोठतो, कण मोठे होतात आणि मांसाच्या पेशी फोडतात. पाणी धरून ठेवायला काही उरत नाही, म्हणून डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळीकडे सारखाच कापूस लागतो. फॉस्फेटच्या पाण्यात भिजवलेला मालही खूप पाणी सोडतो, पण तो कच्चा असताना काचेसारखा आणि बुळबुळीत लागतो.

आणि खरं सांगतो, नीट गोठवून एकदाच वितळवलेली कोळंबी नुसती बघून मलाही दर वेळी ओळखता येत नाही. ती वाईटही नसते. तीन दिवस बर्फावर लोळलेल्या "ताज्या"पेक्षा मी तीच घेईन.

अनघा

मग पाकीटच बरं की. त्यात कसं ओळखायचं? गोळा झालेलं पाकीट नको, एवढंच मला माहीत आहे.

शीतगृहकर

सुट्या कोळंबीचं पाकीट असेल तर बरोबर. हलवलं की आतले दाणे खुळखुळले पाहिजेत. सगळी चिकटून ढेकूळ झाली असेल, एका कोपऱ्यात बर्फ साचला असेल, आत भुरभुरीत हिम असेल, तर वाटेत कुठेतरी वितळलंय. पण काही माल मुळातच लादी करून गोठवतात. तिच्या बाजू सरळ, सपाट असतात आणि मधला बर्फ सगळीकडे सारखा असतो. तिला दोष देऊ नका. कोरडे पांढरे चट्टे दिसले तर पाकीट फार दिवस पडून आहे किंवा नीट बंद केलेलं नाही.

नंदू

शिंपल्यांचं माझ्याकडून. तोंड उघडं असेल तर टिचकी मारायची. सावकाश का होईना, मिटलं तर जिवंत. नाही मिटलं तर टाकायचा, वास बघत बसायचं नाही. मिटलेलाही एखादा फार जड लागला तर आत नुसता चिखल असतो. दोन शिंपले एकमेकांवर आपटून बघा, पोकळ आवाज आला तर बाजूला काढा. घरी आणल्यावर गोड्या पाण्यात बुडवू नका किंवा हवाबंद डब्यात कोंबू नका, मरतात. ओल्या फडक्याखाली फ्रीजमध्ये ठेवा.

आणि शिजवल्यावर जो उघडत नाही तो विषारी, हे लक्षात ठेवा.

सुलभा

नंदूदादा, शेवटचं मला पटत नाही. घट्ट मिटलेले, चांगले जिवंत शिंपलेही कधी कधी शिजून उघडत नाहीत. आणि आधीच मेलेलाही शिजताना उघडू शकतो, म्हणजे उघडला म्हणून चांगला असंही नाही. निवड शिजवण्याआधीच करायला हवी.

नंदू

असेल. आमच्या घरात मात्र न उघडलेला कोणी ताटात घेणार नाही.