‘अपग्रेडेशन’ला मराठीत काय म्हणावे? सुधारणा, उन्नयन की आणखी काही?

दुभाषी
एका अहवालाचा अनुवाद करताना अडले आहे. विषय पुण्यातल्या येरवडा भागातील वस्त्यांचा आहे. २००५ साली सुरू झालेल्या केंद्राच्या नागरी योजनेतून तिथे घरे जागच्या जागी नव्याने बांधण्यात आली. पक्क्या घरांना हात लावला नाही. फक्त पत्र्याची आणि मोडकळीला आलेली घरे उतरवून त्याच जागेवर २७० चौरस फुटांची घरे उभी केली आणि त्यासाठी कुटुंबांनी स्वतःचाही वाटा भरला. पहिल्या खर्ड्यात मी याला ‘झोपडपट्टी पुनर्विकास’ म्हटले होते. संस्थेने तो खर्डा वस्तीतल्या बायकांना वाचून दाखवला, तेव्हा एक आजी मध्येच उठून म्हणाल्या, “म्हंजे आता परत पाडणार का?” त्यांच्या दृष्टीने पुनर्विकास म्हणजे बिल्डर, टॉवर आणि दोन-तीन वर्षे भाड्याच्या खोलीत काढणे. ‘सुधारणा’ हा शब्द मला फिका वाटतो आणि ‘उन्नयन’ त्या आजींना कळणार नाही. मूळ मजकुरातल्या ‘इन्फॉर्मल’साठी ‘अनौपचारिक वसाहत’ असे लिहिले, तर तिथले लोक एकमेकांशी अघळपघळ बोलतात असा अर्थ निघेल अशी भीती वाटते. काय लिहावे?

शब्दनिष्ठ
‘उन्नयन’ हाच नेमका शब्द आहे. ‘उद्’ उपसर्ग आणि ‘नी’ धातू, म्हणजे वर नेणे. मूळ शब्दातली चढण त्यात जशीच्या तशी येते. आज कळत नाही म्हणून शब्द टाकायचा ठरवले असते, तर ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ हेही कधी रुळले नसते. ‘सुधारणा’ म्हटले की समाजसुधारणा डोळ्यांसमोर येते, जणू काही त्या लोकांनाच सुधारायचे आहे.

लोकलचा चौथा डबा
आमच्या सोसायटीतही पुनर्विकासाचे घाटते आहे. इमारत १९७८ची, सभासद चोवीस, आणि कॉर्पस किती मागावा यावरून दोन तट पडले आहेत. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवावे का, हे कोणी सांगू शकेल का?

जुना आराखडा
चौथा डबा, आपला प्रश्न वेगळ्या कायद्याखाली येतो. वकिलाला मात्र अवश्य दाखवा.

दुभाषी, मी नगररचनेत नोकरी केली आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. हे शब्द कोशातून घेता येणार नाहीत, कारण प्रत्येकाला एकेका काळाचा शिक्का बसलेला आहे. महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्याच्या नावातच सुधारणा, निर्मूलन आणि पुनर्विकास असे तीन शब्द शेजारी-शेजारी बसले आहेत आणि त्या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून फार दूरच्या आहेत. निर्मूलन म्हणजे पाडणे. ते करून पाहिले, पण काम त्याच भागात असल्यामुळे लोक परत येऊन तिथेच किंवा पुढच्या नाल्याकाठी बसत. त्यामुळे सत्तरच्या दशकात ‘सुधार’ आला, म्हणजे घर लोकांचे तसेच राहील आणि सरकार नळ, संडास, गटार, फरशी आणि दिवा देईल. १९७६ साली झोपड्यांची गणना होऊन झोपडीधारकांना फोटोपास, म्हणजे फोटो लावलेली ओळखपत्रे मिळाली. १९८५च्या सुमारास जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबईत आणखी एक पाऊल पुढे पडले. वस्तीची सहकारी संस्था करून तिला जमीन भाडेपट्ट्याने द्यायची आणि घर ज्याचे त्याने कर्ज काढून बांधायचे, अशी ती कल्पना होती. भाडेपट्टा हाती असला की माणूस विटांवर पैसे घालतो, हे त्यामागचे सूत्र होते. ती योजना ठरलेल्या संख्येच्या जवळपासही पोचली नाही. १९९५नंतर मोफत घराची योजना आली, उरलेल्या जागेवर बिल्डरने विकाऊ इमारत बांधायची असे ठरले, आणि ‘सुधार’ हा शब्द फायलींतून जवळजवळ नाहीसा झाला. त्या आजींचे कान बरोबर आहेत.

कंदील
सुधारणा म्हणा किंवा उन्नयन म्हणा, आहे ते अतिक्रमणच. कायदा मोडणाऱ्याला नळ आणि संडास दिले, तर दुसरा तिथे येऊन बसणारच. ‘वस्ती’ हा गोंडस शब्द त्यावर पांघरूण घालतो.

जुना आराखडा
कंदील, आपले अर्धे म्हणणे खरे आहे. ज्या तारखेआधीची झोपडी पात्र धरायची ती तारीख पुढे सरकत राहते, तिचा मोह असतोच. मुंबईत ती तारीख १९७६पासून सरकत सरकत २०००पर्यंत आली आणि पुढे पैसे भरून २०११पर्यंत. पण लोक नळ पाहून गावाहून निघत नाहीत, ते काम पाहून निघतात. पुण्या-मुंबईत १९७२च्या दुष्काळात आलेल्या कुटुंबांना शहराने कामावर घेतले; मात्र त्यांच्या मजुरीत बसेल असे कायदेशीर घर कुठल्याच आराखड्यात नव्हते. नियमाप्रमाणे लहानात लहान भूखंड, भोवती सोडायची जागा आणि मंजुरीचा खर्च यांची बेरीज केली, की सर्वांत स्वस्त कायदेशीर घरही हमालाच्या आवाक्याबाहेर जाते. मग तो कुठे बसतो? आराखड्यात बागेसाठी किंवा शाळेसाठी राखून ठेवलेली, पण वर्षानुवर्षे ताब्यात न घेतलेली जागा, नाल्याचा काठ, टेकडीचा उतार, रेल्वेची हद्द. ज्या जागेवर दुसऱ्या कोणाचा धंदा उभा राहत नाही, तीच त्याच्या वाट्याला येते.

व्युत्पत्तीवेडा
‘झोपडपट्टी’तली पट्टी ही घरपट्टी-पाणीपट्टीतली पट्टी असावी, असे मला फार दिवसांपासून वाटते. झोपडीवर बसवलेला कर तो झोपडपट्टी, आणि मग कराचे नाव जागेला पडले.

गल्ली नंबर चार
व्युत्पत्तीवेडा, कल्पना मजेदार आहे, पण आमच्याकडे पट्टी म्हणजे जमिनीचा लांबट चिंचोळा तुकडा, नाल्याकाठची पट्टी म्हणतात तशी. तुमच्या बाजूने एवढेच सांगतो की पुण्यात झोपडीधारकाकडून महापालिका सेवाशुल्क घेते आणि ते घेणाऱ्या खात्याला सगळे ‘गवनि’ म्हणतात, म्हणजे गलिच्छ वस्ती निर्मूलन. पावती देणाऱ्या खात्याच्या नावात निर्मूलन! माझी आई ती पावती देवाच्या फोटोमागे ठेवायची, कारण पुरावा म्हणून तीच चालायची.

मी अशाच वस्तीत वाढलो, म्हणून ‘सुधार’बद्दल सांगतो. आमच्या गल्लीत चार वेळा काँक्रीट झाले. दर वेळी आधीचा थर न उखडता वर तीन-चार इंचांचा नवा थर टाकला. मी पाचवीत असताना आमच्या दाराला दोन पायऱ्या चढून जावे लागे. कॉलेजात गेलो तोवर रस्त्यावरून एक पायरी खाली घरात उतरावे लागे. पावसाळ्यात उंबऱ्यावर सिमेंटचा बांध घालून आणि पोती लावून आई बसलेली असायची. कागदावर गल्ली सुधारली होती आणि घर पाण्यात होते. त्यामुळे ‘उन्नयन’ म्हणजे वर नेणे असे शब्दनिष्ठ म्हणतात, तेव्हा मला आधी रस्ता वर गेलेला आठवतो.

शब्दनिष्ठ
हा दोष शब्दाचा नव्हे, ठेकेदाराचा.

जुना आराखडा
दोष दोघांचाही नाही, क्रमाचा आहे. वस्तीत आधी काय करायचे याचे उत्तर नेहमी जमिनीखाली असते. समजा गल्ली सपाट आणि सत्तर मीटर लांब आहे. सांडपाण्याच्या नळाला शंभरात एक असा उतार हवा, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत सत्तर सेंटिमीटर खाली जावे लागेल. वरच्या टोकाला नळ चाळीस सेंटिमीटर खोल ठेवला, तर खालच्या टोकाला तो एकशे दहावर येतो. आता मुख्य वाहिनीचा चेंबर तिथे नव्वदच सेंटिमीटर खोल असेल, तर वीस सेंटिमीटर कमी पडतात. पाणी तुंबते आणि शेवटच्या दोन-तीन घरांच्या मोरीतून उलटे वर येते. म्हणून मोजणी चेंबरपासून सुरू करून मागे-मागे यायची असते. कमी पडले तर अर्धी गल्ली एका बाजूला आणि अर्धी दुसऱ्या बाजूला उतरवायची, किंवा आणखी खालचा चेंबर शोधायचा. हे न करता सोपी वाट म्हणजे नळ उथळ टाकून वर काँक्रीट चढवणे. तेच आपल्या गल्लीत झाले असणार. फरशी सगळ्यांत शेवटी आणि जुना थर उखडूनच, एवढे पाळले तरी आपल्या आईची पोती वाचली असती.

अहमदाबादेत १९९५नंतर महापालिकेने हे काम बऱ्या क्रमाने केले. प्रत्येक कुटुंबाने दोन हजार रुपये भरायचे, बदल्यात घरोघरी नळ आणि संडास, खालून गटार, वरून फरशी आणि दिवा मिळायचा. त्याहून मोलाचे म्हणजे दहा वर्षे हटवणार नाही, असे महापालिकेने कबूल केले. मालकी दिली नाही, तरी लोकांनी पत्रे काढून स्लॅब टाकले.

दुभाषी
येरवड्याच्या अहवालातही हीच अडचण वेगळ्या रूपात आहे. पक्की घरे जागची हलवायची नाहीत असे ठरल्यामुळे मधली कच्ची घरे त्यांच्या बेचक्यात बांधावी लागली. काही जागा इतक्या लहान होत्या की २७० चौरस फूट भरण्यासाठी दोन-तीन मजले चढवावे लागले. मग म्हाताऱ्या माणसाने जिना कसा चढायचा हा नवा प्रश्न उभा राहिला. गल्ली रुंद करायला जागा सोडायची की नाही, हे घरोघरी बसून ठरवावे लागले. या सगळ्याला एका शब्दात कसे पकडू?

कंदील
मोफत मिळत नव्हते, हे मला ठाऊक नव्हते. तरी शब्द ‘अतिक्रमण’ हाच.

गल्ली नंबर चार
कंदील, पर्वतीच्या उतारावरच्या मोठ्या वस्तीचे नाव जनता वसाहत आहे, आणि १९६१च्या पानशेतच्या पुरानंतर सरकारने आखून दिलेल्या घरांनाही पूरग्रस्त वसाहतच म्हणतात. एकच शब्द दोन्हींना चालतो. अतिक्रमण कोणते आणि वसाहत कोणती, हे शब्दावरून कळत नाही, सातबाऱ्यावरून कळते.

व्युत्पत्तीवेडा
‘वसाहत’ हा फारसी वळणाचा शब्द वाटतो, ‘वस्ती’ मात्र ‘वस्’ धातूवरून आलेली आहे. शेवटचा ‘हत’ कुठून आला हे कोणी सांगेल का? ‘मसलत’सारख्या शब्दांच्या चालीवर तो घडला असावा, असा माझा कयास आहे.

शब्दनिष्ठ
त्यासाठी वेगळा धागा काढा. ‘वसाहत’ फारसी नाही, एवढे मी आत्ताच सांगून ठेवतो.

दुभाषी
तूर्त मी ‘जागच्या जागी वस्तीसुधार’ असे लिहिले आहे आणि ‘अनौपचारिक’ काढून ‘आराखड्याबाहेरची वस्ती’ केले आहे. काल पुन्हा वाचन झाले. त्या आजींनी ‘सुधार’ला मान डोलावली, पण ‘आराखड्याबाहेरची’वर त्या अडल्या. त्यांचे म्हणणे असे की आता नकाशात त्यांचे घर आहे, त्यावर क्रमांकही पडला आहे, मग बाहेरची का लिहायची? मला उत्तर सुचले नाही. ‘पूर्वी आराखड्याबाहेर असलेली’ असे लिहिले तर वाक्य फार लांबते.

जुना आराखडा
लांबू द्या. फक्त तो क्रमांक कोणत्या नकाशात पडला आहे, हे आधी विचारून घ्या. योजनेच्या सर्वेक्षणातला क्रमांक आणि विकास आराखड्यातली नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकास आराखड्यात त्या जागेवर अजूनही बागेचा हिरवा रंग असू शकतो.