भाड्याच्या जाहिरातीत खरं किती लिहिता? अनुभव सांगा

भांडुपकर: भांडुप पश्चिमेचा आमचा वन बीएचके भाड्याने द्यायचाय. एजंटने लिहिलंय, '५७५ चौ. फूट प्रशस्त फ्लॅट, स्टेशन ५ मिनिटांवर, उत्तम स्थिती.' लोक येतात, हॉल बघूनच त्यांचा चेहरा पडतो, 'कळवतो' म्हणून जातात. तुम्ही कशी लिहिलीत?

मोजपट्टी: ५७५ सुपर बिल्टअप असणार. त्यात जिन्याचा, लिफ्टचा वाटाही आला. टेप घ्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत आतून मोजा आणि खोलीवार लिहा. भाडेकरूला एकूण आकड्यापेक्षा डबलबेड लावल्यावर कपाटाचं दार उघडतं का, हे हवं असतं.

कायदेपंडित_दादर: रेरा आल्यापासून कार्पेटच लिहावं लागतं. सुपर बिल्टअप लिहिणं बेकायदा.

मोजपट्टी: ते नव्या प्रकल्पाचे फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरसाठी. यांचा भाड्याचा फ्लॅट त्यात येत नाही. शिवाय रेराच्या कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जाडीही धरतात, त्यामुळे टेपचा आकडा थोडा कमीच येईल. म्हणून 'आतून मोजलेले' असंच लिहा.

सुलभाताई: डिपॉझिट किती घेताय? आमच्या भाडेकरूने भिंतीला इतके खिळे ठोकले की रंगकामातच गेलं सगळं.

भांडुपकर: ताई, ते नंतर बोलू. मोजलं. हॉल १५ बाय १०, बेडरूम ११ बाय १०, किचन ८ बाय ७. बाथरूम, संडास, पॅसेज मिळून ५४. एकूण ३७०. बायको म्हणते, आता कुत्रं तरी येईल का!

रोजची_लोकल: मी भाडेकरू आहे, ऐका. '५ मिनिटं' कोणाची, ते लिहा. आमची ५ मिनिटं रिक्षाची निघाली, तीही रांगेत उभं राहिल्यावर. सकाळी ऑफिसच्या वेळेला चालत जा, घड्याळ लावा. एलबीएस रोड ओलांडून पुढे चढ लागत असेल तर चढही लिहा, आई-बाबांना घेऊन राहणाऱ्याला तो आधी कळायला हवा. पाणी किती वाजता येतं, तेही.

भांडुपकर: नवा मसुदा: 'वन बीएचके, आतून मोजलेले ३७० चौ. फूट (खोल्यांची मापं खाली). स्टेशनपासून चालत १८ मिनिटं, शेवटी चढ. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पाणी सकाळी ६ ते ८, टाकी आहे. बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल यायची. उन्हाळ्यात बाहेरून प्लास्टर केलंय, अजून पाऊस झालेला नाही.'

कायदेपंडित_दादर: ओलीचं लिहू नका हो. प्रत्यक्ष आल्यावर सांगा.

रोजची_लोकल: आल्यावर सांगणार म्हणजे सुट्टीच्या दिवशी बोलावून सांगणार ना? लिहाच. भिंतीचा फोटोही टाका, प्लास्टरआधीचा असेल तर तोसुद्धा.

मोजपट्टी: मी लिहितो. पण एजंट ती ओळ काढून टाकतो, हा माझा अनुभव. छापायच्या आधी त्याच्याकडून अंतिम मजकूर मागून घ्या.

सुलभाताई: आणि खिळ्यांचं करारात घाला.