मदत हवी आहे: भोपाळ दुर्घटनेतील आवश्यक, पुरेशी आणि साहाय्यक कारणे वेगळी कशी करावीत?

गोदातीर: औद्योगिक सुरक्षिततेच्या पदविकेसाठी मी २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला झालेल्या वायुगळतीवर प्रकल्प लिहीत आहे. ई-६१० या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होते आणि त्यात पाणी शिरले. शीतकरण यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती, वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर नुसता राखीव ठेवलेला होता आणि वायू जाळणाऱ्या फ्लेअर टॉवरकडे जाणाऱ्या नळाचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. एकेक घटक वगळून ‘तरीही दुर्घटना झाली असती का?’ असे मी विचारतो. पाण्याच्या बाबतीत उत्तर सहज मिळते, स्क्रबरपाशी मात्र मी अडतो. तो चालू असता तर गळती थांबली असती, असे गृहीत धरावे का?

सरळरेषा: माझ्या मते पाणी हेच एकमेव कारण आहे. पाणी शिरले नसते तर त्या रात्री काहीच घडले नसते, त्यामुळे बाकी सर्व गोष्टी केवळ परिस्थिती ठरतात. ते नळ धुताना शिरले की कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे कोणी मुद्दाम सोडले, एवढेच ठरवायचे उरते.

जुना रसायन अभियंता: सरळरेषा, पाणी आवश्यक होते हे आपले म्हणणे बरोबर आहे, परंतु त्यावरून ते पुरेसे होते असे ठरत नाही. हेच पाणी एखाद्या पिंपातल्या थोड्या साठ्यात शिरले असते, तर तीच अभिक्रिया झाली असती, पण शहरावर वायूचा ढग पसरला नसता. म्हणजे इतका मोठा साठा हेही तितकेच आवश्यक कारण आहे, केवळ ते त्या रात्री नव्याने घडलेले नसल्यामुळे नजरेतून सुटते. पाणी कसे शिरले हा वाद जबाबदारी ठरवण्यासाठी महत्त्वाचा आहे, पण टाकीतल्या रसायनांना त्याने फरक पडत नाही.

गोदातीर, आपली अडचण खरी आहे. स्क्रबरची रचना त्या रात्री आलेल्या प्रवाहापेक्षा कितीतरी कमी प्रवाहासाठी होती. तो पूर्ण क्षमतेने चालला असता तरी बराचसा वायू बाहेर पडलाच असता. म्हणून त्याचे बंद असणे गळतीसाठी आवश्यक कारण नव्हते. बाहेर पडलेल्या वायूचे प्रमाण मात्र त्यामुळे वाढले असेल, तेव्हा त्याला साहाय्यक म्हणता येईल. ‘संरक्षक यंत्रणा बंद होती’ एवढ्यावरून तिला मूळ कारण ठरवणारे अहवाल मी पुष्कळ वाचले आहेत, आणि त्यांचा तोटा असा की पुढच्या कारखान्यात तोच अपुरा स्क्रबर केवळ चालू ठेवून सगळे समाधानी राहतात.

प्रेसशॉप: आमच्याकडे पॉवर प्रेसवर एका कामगाराची दोन बोटे गेली. दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक तारेने बांधून ठेवले होते आणि हात आत गेल्यावर प्रेस थांबवणारा सेन्सरही बंद होता. विम्याच्या अर्जात एकच कारण लिहायचे आहे. भरपाई मिळण्यासाठी कोणते लिहावे?

जुना रसायन अभियंता: भरपाईबद्दल आपण कामगार कायद्याच्या जाणकाराला विचारावे. मात्र आपले उदाहरण गोदातीर यांच्या उपयोगाचे आहे. आपली बटणे किंवा सेन्सर यांपैकी कोणतेही एक नीट चालत असते तर बोटे वाचली असती, त्यामुळे दोन्ही बिघाड आवश्यक कारणे ठरतात. भोपाळच्या स्क्रबरला हे लागू होत नाही, कारण तो एकटा तो प्रवाह पेलणारा नव्हता. सुरक्षा यंत्रणा बंद होती हे दोन्हीकडे सारखेच असले, तरी तिच्या क्षमतेचा आकडा पाहिल्याशिवाय वर्गीकरण होऊ शकत नाही.

गोदातीर: मनःपूर्वक आभार. मग शीतकरण कोठे बसवावे? साठा शून्य अंशाच्या आसपास असता तर अभिक्रिया भडकलीच नसती, असे मी लिहिले आहे.

जुना रसायन अभियंता: तसे ठामपणे लिहू नका. थंड साठ्यात अभिक्रिया मंद सुरू झाली असती, पण ती स्वतःच उष्णता निर्माण करते, शिवाय टाकीच्या गंजातून आलेल्या लोहाने तिला वेग मिळतो. मिथाइल आयसोसायनेट ३९ अंशांच्या सुमारास उकळते, त्यामुळे आधीच उबदार असलेल्या साठ्याला तेथे पोहोचायला फार अंतर राहिले नव्हते. शीतकरणामुळे वाढता दाब ओळखून काही करण्यासाठी वेळ मिळाला असता, हे मी मान्य करतो. म्हणून ‘त्याच रात्री, त्या वेगाने’ गळती होण्यासाठी ते बंद असणे आवश्यक होते, असे मी लिहीन. आधी घटना नेमकी ठरवा: टाकीतील भडका, वायूची गळती की वस्तीतील मृत्यू? भोंगा आणि कारखान्याला लागून असलेली दाट वस्ती केवळ तिसऱ्या प्रश्नात येतात.

सरळरेषा: वेळ मिळाला असता तरी कामगारांनी त्याचा उपयोग केलाच असता, हे कशावरून? दाब वाढल्याचे त्या रात्रीही आधी दिसले होते.

जुना रसायन अभियंता: हा आक्षेप योग्य आहे आणि केवळ रसायनशास्त्राच्या आधारे मला त्याचे उत्तर देता येणार नाही. गोदातीर, शीतकरणाच्या ओळीपुढे ही अट स्पष्ट लिहा: मिळालेल्या वेळेत कोणीतरी योग्य कृती केली असती, असे गृहीत धरून.