मदत हवी आहे: दोन ऑफर, प्रवास आणि शिफ्टचं गणित जुळत नाहीये

धुकटवाट:
एकाच महानगरात दोन ऑफर आहेत. खरे आकडे लिहीत नाही, पहिल्या नोकरीचा हातात येणारा पगार १०० धरा. ती सकाळी ९ ते ६, प्रवास दारापासून दारापर्यंत एका बाजूने सव्वा तास, त्याचा महिन्याचा खर्च ४. दुसरीचे ११८, पण दुपारी २ ते रात्री ११. जायला ४० मिनिटं आणि ३ खर्च, रात्री परत कंपनीची गाडी फुकट. ऑफिसजवळ घर घेतलं तर भाडं १४ ने वाढतं, प्रवास २० मिनिटांवर येतो आणि खर्च उरत नाही. सामान हलवणं, दलाली, नवं कनेक्शन वगैरे मिळून एकदाच ४८ जातील. डिपॉझिट वेगळं. घरचे म्हणतात, पगार बघ. मला झोप दिसते. काय करू?

सरळसोट:
यात विचार कसला? ऑफिसजवळ राहा. वेळ म्हणजे पैसा. प्रवासात गेलेला तास परत येत नाही.

पाळीवाला:
वेळ म्हणजे पैसा हे ठीक, पण तो तास केवढ्याला पडतोय तेही बघायला हवं.

आधी एक विचार. रात्रीची फुकट गाडी चार जणांना सोडत जाते. शेवटचा थांबा तुमचा असेल तर ४० मिनिटांचे सहज ८० होतात. म्हणजे दिवसाचे ९ तास काम आणि २ तास प्रवास, २२ दिवसांचे २४२ तास. हातात ११५. ताशी ०.४७ च्या आसपास. पहिल्या नोकरीत साडेअकरा तासांचा दिवस, महिन्याचे २५३ तास, हातात ९६, ताशी ०.३८. इथवर दुसरी सरळ पुढे आहे.

आता घर बदललंत तर ४८ वर्षभरात वाटून महिन्याला ४. म्हणजे ११८ मधून १४ आणि ४ गेले, उरले १००. तास होतात २१३. तुम्ही महिन्याला २९ तास वाचवता आणि त्यासाठी १५ मोजता. एक तास ०.५२ ला पडला, तुमच्या स्वतःच्या ताशी कमाईपेक्षा महाग. दुसऱ्या वर्षी ते ४ निघून जातात, मग तोच तास ०.३८ ला पडतो. म्हणून मी तरी प्रोबेशन संपेपर्यंत आहे त्याच घरून जाईन. सहा महिन्यांत नोकरी सुटली तर ४८ चा महिन्याचा वाटा थेट ८ होतो.

डिपॉझिट खर्चात धरू नका, ते परत येतं. पण पैसे अडकतात, आणि नेमके पहिल्या पगाराआधी. पगाराची नोंद बंद झाल्यावर रुजू झालात तर पहिला पगार पुढच्या महिन्याच्या पगाराबरोबर येतो. तेवढी तजवीज हवी.

निवांत_पक्षी:
मी गेली काही वर्षं रात्रपाळीच करतोय, काही होत नाही. पडदे जाड घ्या आणि फोन बंद ठेवा.

धुकटवाट:
@निवांत_पक्षी, माझी रात्रपाळी नाही, दुपारची आहे. घरी पोचेपर्यंत साडेबारा होणार, अडचण ती आहे.

@पाळीवाला, गाडीचा वेळ मी खरंच ४० मिनिटंच धरला होता. अजून एक गोष्ट. रुजू झाल्यापासून ६० दिवसांत घर बदललं तर कंपनी ४८ पैकी अर्धे देते, पण बिलं दाखवल्यावर. आणि वर्षाच्या आत सोडली तर तेवढे परत घेते. मग प्रोबेशन संपेपर्यंत थांबलो तर ते २४ गेलेच ना?

पाळीवाला:
मग चित्र बदललं. तुमच्या खिशातून २४, म्हणजे महिन्याला २. एक तास ०.४५ ला पडतो. फायदा म्हणावा एवढा नाही, तोटाही नाही. आता प्रश्न तुम्ही वर्षभर टिकाल का, हाच.

त्यापेक्षा ११८ मध्ये शिफ्ट भत्ता किती आहे ते विचारा. तो हजेरीवर मिळतो. रजेच्या दिवशी नाही, दिवसपाळीला टाकलं की बंद. समजा १० भत्त्याचे असतील, तर तुमची खरी पगारवाढ ८ च आहे आणि भाडं मात्र १४ नेच वाढतंय. मागच्या तीन महिन्यांचं रोस्टर दाखवा म्हणा. रात्री ११ ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ला बोलावलेलं दिसलं, तर गाडी आणि तयारीचा वेळ वजा जाता झोपेला पाच तासही मिळत नाहीत.

सरळसोट:
रोस्टर कोण दाखवतं बाहेरच्याला?

पाळीवाला:
एचआर नाही दाखवत. मुलाखत घेणाऱ्या टीम लीडला विचारलं तर तोंडी सांगतात. सांगायला टाळाटाळ झाली तर त्यातूनही कळतंच की.

धुकटवाट:
आत्ताच विचारून आलो. भत्ता ९ आहे, ऑफर लेटरमध्ये वेगळ्या ओळीत. शिफ्ट 'कामाच्या गरजेनुसार' बदलेल असं छापलंय, रोस्टरबद्दल टीम लीड उद्या फोन करणार. त्या गाडीच्या शेवटच्या थांब्याची वेळ आधी कशी काढायची, कुणी केलंय का असं?