फोटोतली ती रेघ उल्का होती की आणखी काही? तुमचे अनुभव सांगा

माझ्या अनुभवापासून सुरुवात करतो. ऑगस्टमधल्या ययाती उल्कावर्षावाची पहाट होती, उजाडायला दीडेक तास बाकी. २४ मिमी लेन्स पूर्वेकडे लावून २० सेकंदांचे फोटो एकामागोमाग चालू ठेवले होते. घरी येऊन पाहतो तर एका फोटोत रोहिणी आणि कृत्तिकेच्या मधे सुरेख पांढरी रेघ. दोन्ही टोकं निमुळती, मधला भाग चांगला उजळ. आधीच्या फोटोत काही नाही, नंतरच्या फोटोतही काही नाही. उपग्रह असता तर पुढच्या फोटोत दिसलाच असता, तेव्हा ही उल्काच, असं धरून मी ती सगळ्यांना दाखवली.

महिन्याभराने एका जाणकार मित्राने विचारलं, "दोन फोटोंच्या वेळांत किती अंतर आहे?" पाहिलं तर प्रत्येक फोटो आधीच्यापेक्षा ४० सेकंदांनी पुढे. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू राहिलं होतं. म्हणजे २० सेकंद फोटो, मग २० सेकंद शटर बंद ठेवून कॅमेरा काळी फ्रेम घेत होता. उपग्रह तेवढ्यात कुठल्या कुठे गेलेला. मी पुढच्या फोटोत रेघेच्या टोकाशीच शोधत होतो, आणि तिथे तो असणारच नव्हता.

मग तीच रेघ वर देवयानीच्या दिशेने वाढवून पुढचा फोटो भरपूर उजळ करून पाहिला. त्याच सरळ रेषेत एक अगदी पुसट ओरखडा सापडला. रोहिणी ते कृत्तिका हे अंतर साधारण १४ अंश, ते पट्टीसारखं वापरून मोजलं तर दोन रेघांच्या मध्यांत ३० अंशांच्या आसपास भरले. ४० सेकंदांत ३० अंश, म्हणजे सेकंदाला पाऊण अंश. पाचेकशे किलोमीटरवरून, बऱ्यापैकी उंचावरून जाणारा उपग्रह असाच पळतो. उल्का तेवढंच अंतर एखाद्या सेकंदात कापते.

तुम्ही असं कुठे फसलात, आणि शेवटी कशावरून ठरवलंत?

काजवा

मी रंगावरून ठरवते. हिरवट झाक असेल तर उल्का, शुद्ध पांढरी असेल तर उपग्रह. आजवर या खुणेने मला दगा दिलेला नाही. तुमची रेघ पांढरी होती म्हणता, तिथेच शंका यायला हवी होती.

उत्तररात्र

काजवा, खूण चांगली आहे, पण एकाच बाजूने चालते. एका टोकाला हिरवी आणि पुढे पांढरी किंवा तांबूस होत गेलेली रेघ दिसली तर मीही उल्काच म्हणेन. पण मंद उल्का फोटोत नुसती पांढरी उमटते, आणि ठळक उल्केचा रंगही एक्स्पोजर जास्त झालं की पांढऱ्यात बुडतो. उलट विमानाच्या उजव्या पंखावर हिरवाच दिवा असतो. त्यामुळे पांढरी म्हणून उल्का बाद करू नका.

धागाकर्त्यांच्या रेघेतली खरी अडचण वेगळी आहे. उपग्रहाची रेघ साधारणपणे बोथट असते, कारण शटर उघडतं तेव्हा तो आधीच चमकत असतो आणि बंद होतं तेव्हाही. टोकं कापल्यासारखी दिसतात. पण उपग्रहाच्या एखाद्या सपाट भागावरून ऊन थेट आपल्याकडे परावर्तित झालं की तो काही सेकंद उजळतो आणि पुन्हा मावळतो. ते सगळं एकाच फोटोत आलं तर दोन्ही टोकं निमुळतीच येणार. अशा वेळी मी १०० टक्के मोठं करून रेघेची जाडी पाहतो. उपग्रहाचं उजळणं आणि मावळणं बहुतेकदा दोन्हीकडे सारखं असतं. उल्का हळूहळू चढते, शेवटाकडे फुगते आणि पटकन संपते. क्वचित मधे एखादी गाठही दिसते. नियम म्हणून नाही सांगत, सममित उल्काही पाहिल्या आहेत.

दुसरं, रेघ मागे वाढवून ती ययाती आणि शर्मिष्ठेच्या सीमेवरच्या उगमबिंदूकडे जाते का, ते पाहिलंत का? रोहिणी ते कृत्तिका ही रेषा कुठल्याही बाजूला वाढवली तरी तिथे पोचत नाही. एका बाजूला मृगाकडे जाते, दुसऱ्या बाजूला देवयानीकडे. एवढ्याने उल्का बाद होत नाही, वर्षावाबाहेरच्या उल्का रोजच पडतात. पण 'ययातीची उल्का' हे नाव मात्र तिथेच गळतं.

तिपाई

माझा साधा हिशोब: ठिपके असतील तर विमान, अखंड असेल तर उपग्रह. यात चूक होते का?

उत्तररात्र

होते, दोन्ही बाजूंनी. विमानाच्या पंखांवरचे स्थिर दिवे अखंडच रेघ काढतात, त्यावर लुकलुकत्या दिव्याचे ठिपके बसतात. विमान लांब असेल तर मोठं केल्याशिवाय ते दिसतही नाहीत. आणि उपग्रहांबरोबर वर गेलेले रॉकेटचे रिकामे टप्पे गिरक्या घेत फिरतात, त्यांची रेघ कमी-जास्त होत जाते. फरक असा की विमानाचे ठिपके टोकदार आणि साधारण सेकंदाला एक, २० सेकंदांच्या फोटोत वीसेक. गिरकी घेणाऱ्या टप्प्याची चमक लाटेसारखी मऊ चढते-उतरते, आणि बरेचदा काही सेकंदांनी.

पहाटवारा

माझा प्रश्न रेघेचा नाही, तरी विचारते. शुक्राच्या फोटोत एक निळसर-हिरवा ठिपका येतो. तो कुठला ग्रह? नकाशात तिथे काहीच नाही.

काजवा

पहाटवारा, शुक्रापासून फोटोच्या बरोबर मध्यातून एक रेघ ओढ आणि तेवढीच पलीकडे ने. ठिपका तिथेच सापडला तर ती लेन्सच्या आतली परछाई आहे. कॅमेरा थोडा वळवून दुसरा फोटो काढ, शुक्र एकीकडे सरकेल आणि ठिपका उलटीकडे.

खरा ग्रह शेजारच्या ताऱ्यांना धरून राहतो. तासाभराच्या माझ्या फोटोंमध्ये गुरू आणि आसपासचे तारे एकाच लांबीने सरकले होते. त्याच रात्री 'दुसरा गुरू' म्हणून जो उजळ बिंदू टिपला, तो तीन फोटोंत जागचा हलला नाही, नुसता मोठा होत गेला. चौथ्यात त्याला लाल आणि हिरवा दिवा फुटला. समोरून येणारं विमान, उतरायचे दिवे लावलेलं.

सांजवात

मला मात्र 'शेजारचे फोटो बघा' हा उपाय करताच येत नाही. मोबाईलच्या नाइट मोडमधला एकच फोटो आहे. रेघ तुटक आहे, चार तुकडे, सारख्या अंतरावर. रंग नाही. घरचे विमान म्हणतात. मी स्वतः आकाशाकडे पाहत होतो आणि मला लुकलुकणारं काही दिसलं नाही.

उत्तररात्र

नाइट मोड अनेक छोटे फोटो काढून एकावर एक रचतो. मधल्या खंडांमुळे उपग्रहाची अखंड रेघही तुटक होते, आणि काही फोन तर हलणारी वस्तू पुसूनच टाकतात. तुकड्यांची टोकं कापल्यासारखी आहेत का, आणि चारही तुकडे सारखेच उजळ आहेत का? तसं असेल तर मी उपग्रहाकडे झुकेन. फोटो काढल्याची नेमकी वेळ आणि दिशा आहे का? त्या मिनिटाला तिथून कोणता उपग्रह जात होता ते मागे जाऊन पाहता येतं.

सांजवात

टोकं कापल्यासारखी आहेत. पण शेवटचा तुकडा बाकीच्यांपेक्षा बराच फिका आहे. वेळ आहे, दिशा अंदाजे वायव्य. सूर्य मावळून दोन तास झाले होते.

उत्तररात्र

पृथ्वीच्या सावलीत शिरताना उपग्रह असाच फिका पडतो. पण संध्याकाळी सावली पूर्वेकडून चढते, वायव्येला उपग्रह बराच वेळ उन्हात राहतो. रेघ क्षितिजापासून किती उंच होती, आणि फिका तुकडा वरच्या टोकाला आहे की खालच्या? खालच्या असेल तर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.