मदत हवी आहे: घरगुती मसाल्यांच्या व्यवसायाची रीतसर नोंदणी आणि वेगळे खाते नेमके कधी करावे?

मसाल्याचा_डबा

नमस्कार. गेली पाच वर्षे मी नाशिकला घरूनच गोडा मसाला, मेतकूट आणि पापड करून विकते. अन्न सुरक्षेची नोंदणी पहिल्याच वर्षी केली असून तो चौदा आकडी क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. त्यापलीकडे मात्र काहीही रीतसर नाही. सगळे पैसे माझ्या साध्या बचत खात्यात येतात, आणि दिवाळीच्या प्रदर्शनात यजमान गाळ्यावर उभे राहतात तेव्हा क्यूआर कोड त्यांच्या पगाराच्या खात्याचा असतो.

गेल्या महिन्यात बँकेतून फोन आला, की बचत खात्यात इतके लहान लहान व्यवहार कसले होतात? म्हणून मागच्या आर्थिक वर्षाचा उतारा काढला, तर जमेची बेरीज 14,60,000 रुपये निघाली. पेन्सिल घेऊन दोन संध्याकाळी बसले, तेव्हा कळले की त्यातले 3,96,000 रुपये भिशीचे आहेत, कारण आमच्या बाराजणींची भिशी मीच गोळा करते. आणि 1,20,000 रुपये भाऊ आईच्या औषधांसाठी पाठवतो ते आहेत. म्हणजे मालाचे 9,44,000 रुपये उरले. यजमानांच्या खात्यातले प्रदर्शनाचे 2,10,000 रुपये वेगळेच.

आता पुण्यातील एक दुकानदार नियमित माल मागत आहे, आणि हैदराबाद व बेंगळुरूच्या ओळखीच्या मंडळींना मी अधूनमधून कुरिअरने मसाला पाठवते. चालू खाते, उद्यम नोंदणी आणि जीएसटी यांपैकी काय आत्ता करावे आणि काय थांबले तरी चालेल, हे कृपया सांगावे.

रंकाळा_काका

ताई, उगाच घाबरू नका. माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी लागत नाही आणि तुम्ही त्याच्या जवळपासही नाही. शिवाय पापडावर मुळात करच नाही. एकदा क्रमांक घेतला, की विक्री होवो न होवो, विवरणपत्र भरतच राहावे लागते. माझ्या भाच्याने हौसेने क्रमांक घेतला आणि दोन वर्षे शून्याचे विवरणपत्र भरायला विसरल्याबद्दल विलंब शुल्क भरत बसला.

हिशेबनीस

करसल्लागाराच्या कार्यालयात बरीच वर्षे काढली आहेत, त्या अनुभवावर लिहितो.

काकांचा 40 लाखांचा आकडा बरोबर आहे, पण तो माल राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यासाठी आहे. करपात्र वस्तू राज्याबाहेर विकली, तर ही सवलत उरत नाही आणि पहिल्या पाकिटापासून नोंदणी सक्तीची होते. पापड करमुक्त असल्यामुळे फक्त पापड विकणारी व्यक्ती ते कुठेही पाठवू शकते. मसाला मात्र करपात्र आहे. म्हणून ताईंच्या बाबतीत 11 लाख की 40 लाख हा प्रश्नच नाही, खरा प्रश्न हैदराबादच्या पार्सलचा आहे. पुण्याच्या दुकानदाराला माल देण्यासाठी मात्र आज क्रमांकाची सक्ती नाही.

ही राज्याबाहेरची विक्री वर्षाला किती होते, ते आधी पाहा. दहा-बारा पार्सलेच असतील, तर ती बंद करणे स्वस्त पडेल. ती वाढवायची असेल, तर नोंदणी घ्या, पण मग कोणी एक टक्क्याची कंपोझिशन योजना सुचवली तर तिच्यावर विसंबू नका, कारण त्या योजनेत राज्याबाहेर माल विकता येत नाही. तुम्हाला नियमित नोंदणी लागेल, तीत विवरणपत्र तिमाहीने भरण्याची सोय आहे. घर सासऱ्यांच्या नावावर असेल, तर वीजबिल आणि त्यांचे संमतिपत्र जोडावे लागते; अर्ज बहुधा तिथेच अडतो.

खाते मात्र याच आठवड्यात वेगळे करा, त्यासाठी कुठल्याही मर्यादेची वाट पाहू नका. 2025 च्या जुलैत कर्नाटकात वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या बेरजा पाहून लहान विक्रेत्यांना नोटिसा पाठवल्या, तेव्हा अनेकांचे म्हणणे हेच होते की त्यात घरचे पैसेही मिसळलेले आहेत. तुमची भिशी ही उलाढाल नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. उतारा पाहणाऱ्याला ते दिसत नाही. आणि यजमानांच्या खात्यातले दोन लाख तर त्यांच्याच नावावर दिसतात, तेव्हा विचारणा झाली तर ती त्यांना होईल.

स्वरसाधना

माझाही प्रश्न असाच आहे. मी घरी गायनाचे वर्ग घेते आणि दोन विद्यार्थिनी इंदूरहून ऑनलाइन शिकतात. म्हणजे मलाही पहिल्या महिन्यापासून जीएसटी घ्यायला हवा होता का? मसाल्यांबद्दल मला काही सांगता येणार नाही, क्षमस्व.

हिशेबनीस

नाही. तुमची सेवा आहे, माल नाही. सेवा राज्याबाहेर दिली तरी 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे. दोन्हींचे नियम वेगळे आहेत.

गोदाकाठ

मी घरून केक विकते, म्हणून खात्याचा अनुभव सांगते. चालू खात्यासाठी बँकेने मला व्यवसायाच्या नावाचे दोन पुरावे मागितले. मी उद्यम प्रमाणपत्र आणि दुकाने अधिनियमाखाली दिलेल्या सूचनेची पावती दिली. वीसपेक्षा कमी कामगार असतील, तर महाराष्ट्रात फक्त सूचना पुरते. उद्यम नोंदणी udyamregistration.gov.in वर विनामूल्य होते. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या एका संकेतस्थळावर मी पंधराशे रुपये भरून बसले होते.

चालू खात्यात बरीच शिल्लक ठेवावी लागते आणि व्याज मिळत नाही, म्हणून मी पहिले काही महिने दुसऱ्या बँकेत फक्त माझ्या नावाचे बचत खाते उघडून सगळ्या ऑर्डरी तिकडे वळवल्या. शिस्त तिथेच लागली. घरखर्चाला पैसे हवे असले, तर महिन्यातून एकदाच ठरावीक रक्कम घरच्या खात्यात पाठवायची, भाजीवाल्याला तिथून द्यायचे नाहीत.

हिशेबनीस

तात्पुरते म्हणून ठीक आहे. पण ताईंना बँकेने आधीच विचारले आहे, म्हणून दुकानदाराचा माल सुरू होण्याआधी चालू खाते उघडलेले बरे. आणि ताई, रोखीचे काय? उलाढालीत तीही धरली जाते.

मसाल्याचा_डबा

सर्वांचे आभार. रोख विक्री वहीत लिहिलेली आहे, ती साधारण साठ हजारांची निघाली, म्हणजे एकूण 12,14,000. कुरिअरच्या पावत्या मोजल्या, तर राज्याबाहेर मागच्या वर्षी चौदा पार्सले गेली आणि त्यांची किंमत सगळी मिळून एकोणीस हजार होती. एवढ्यासाठी तिमाही विवरणपत्रे भरणे मला परवडणारे नाही, तेव्हा ती विक्री तूर्त बंद करते. उद्यमचा अर्ज काल रात्री भरला. प्रदर्शनासाठी माझ्याच नव्या खात्याचा क्यूआर छापून घेणार आहे. भिशी जुन्या खात्यातच राहील.

फक्त झालेल्या चौदा पार्सलांचे काय करायचे, ते कळत नाही.

रंकाळा_काका

राज्याबाहेरचा नियम मला ठाऊक नव्हता, मान्य करतो. पण एकोणीस हजारांसाठी आपणहून कोण जातो?

हिशेबनीस

काका, ते इथे ठरवता येणार नाही. ताई, पावत्या फेकू नका, आणि त्या घेऊन एखाद्या सनदी लेखापालाला एकदा प्रत्यक्ष भेटा.

मसाल्याचा_डबा

गुरुवारी वेळ मिळाली आहे. ते काय म्हणतात, ते याच धाग्यावर लिहीन.