मदत हवी आहे: ओव्हरटाइमला नाही म्हटलं तर मेमो देऊ शकतात काय?

चंदगडकर: मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला आहे. तीन आठवडे झाले, सोमवार ते शनिवार रोज आठ तासांवर चार तास जास्त थांबवतात. मागच्या शनिवारी घरी आई आजारी म्हणून थांबलो नाही, तर सुपरवायझर म्हणाले, "हुकूम मोडलास, मेमो देतो." आता एका कन्नड कागदावर सही मागतायत. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. जादा तासाचे पैसेही साध्याच दराने मिळतात. काय करू?

माळमारुती: सरळ नाही म्हण. सक्तीचा ओव्हरटाइम म्हणजे वेठबिगार. एक तासही थांबायचं नाही.

जुना_फिटर: माळमारुती, संमतीचा मुद्दा बरोबर आहे, पण प्रत्येक जादा तास बेकायदा नसतो. कामाचा खरा ताण असेल, तर कारखान्याला लेखी सूट मिळू शकते. मात्र त्यातही ओव्हरटाइम धरून आठवड्याला 60 तासांची मर्यादा असते. चंदगडकर, तुझा हिशेब बघ: बारा गुणिले सहा, 72 तास. 48 वर 12 तास चालले असते, तुला 24 पडतायत. कामावरून काढताना "कायदेशीर हुकूम मोडला" हे दाखवावं लागतं, आणि 60 च्या वरचा हुकूम कायदेशीर नाही. शिवाय 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत ओव्हरटाइमला कामगाराची संमती लागते असं स्पष्ट आहे.

आता पैसे. बेसिक आणि महागाई भत्ता किती?

चंदगडकर: दोन्ही मिळून 18,720.

जुना_फिटर: 26 दिवस आणि आठ तासांनी भागलं की तासाला 90. ओव्हरटाइम दुप्पट, म्हणजे 180. तुला 90 देतायत, म्हणजे दर आठवड्याला 24 तासांचे 2,160 बुडतायत. पंचिंगचे फोटो आणि पगाराच्या स्लिपा जपून ठेव.

खानापूर_लाईन: आमच्या कापड दुकानातही दिवाळीला रात्री दहापर्यंत थांबवतात. आम्हालाही हेच लागू?

जुना_फिटर: नाही, दुकानांचा कायदा वेगळा आहे. तिथं ओव्हरटाइम धरून दिवसाला दहा तासांपर्यंतच. वेगळा धागा काढा, तिथं बोलू.

चंदगडकर: मी राहतो महाराष्ट्रात. तक्रार कोल्हापूरला करायची काय?

जुना_फिटर: कारखाना जिथं, तिथला अधिकारी. बेळगावच्या कारखाने निरीक्षकांकडे लेखी अर्ज दे आणि पोचपावती घे. त्या कागदावर मात्र घाईनं सही नको. कन्नड वाचणाऱ्या सोबत्याकडून तो वाचून घे. "जेव्हा लागेल तेव्हा" असं मोघम असेल, तर तारीख आणि तास लिहूनच सही करतो म्हण.

माळमारुती: पण आधी सगळ्यांनी सही केली असेल तर? ती संमती कायमची धरतात काय?

जुना_फिटर: त्यावर आमच्याकडेही वाद आहे. नेमणूकपत्रातल्या ओळीला संमती म्हणावं, असं मालक म्हणतात. मला पटत नाही. 60 तासांची मर्यादा तर सहीनंही सुटत नाही.

चंदगडकर: सोमवारी तो कागद आणतो, फोटो टाकतो इथं.